केमिस्ट्रीच्या बजेटला विचारलेले प्रश्न, आणि त्याआधी न विचारलेला एक

आमचं कॉलेज तापीच्या अलीकडे, केळीच्या पट्ट्यात. अनुदानित आहे, काही वर्षांपूर्वी स्वायत्त झालं. कॉलेज स्वायत्त झालं की वित्त समिती करावीच लागते. प्राचार्य अध्यक्ष, संस्थेने नेमलेली एक व्यक्ती, शिक्षकांमधून एक ज्येष्ठ असा दोन वर्षांसाठी रोटेशनने, आणि वर्षातून किमान दोन बैठका. मी मराठी शिकवतो. ज्येष्ठतेच्या यादीत माझा नंबर आला म्हणून २०२२ च्या जानेवारीत मी समितीवर गेलो, नंतर अजून एक टर्म मिळाली. अनुदानित स्टाफचे पगार सरकारकडून येतात, तो भाग आमच्या हातात नसतो, आमच्यासमोर येतं ते फी, विनाअनुदानित कोर्सचं उत्पन्न आणि कुठल्या कुठल्या योजनेतून आलेले पैसे, आणि त्यातून प्रत्येक डिपार्टमेंट वर्षाला काय मागतं ते.

पहिल्या बैठकीत मी काहीच विचारलं नाही. हे आधी सांगतो कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय.

त्या बैठकीत बॉटनीचा प्रस्ताव होता, केळीच्या टिश्यू कल्चरची लॅब. एका योजनेतून एकरकमी ९ लाख ८० हजार मिळणार होते, लॅमिनार एअर फ्लो, ऑटोक्लेव्ह, रॅक, ट्युबलाइटी, ग्रोथ रूमला दोन एसी. आमच्या रावेर-यावल भागात टिश्यूची रोपं लावणारे शेतकरी ढीगभर, पोरांना हे हाताने करायला मिळालं तर किती चांगलं, असं सगळ्यांनाच वाटलं, मलाही वाटलं, आणि पैसे तर बाहेरून येतायत, आपल्या खिशातून काही नाही. दहा मिनिटांत मंजूर.

लॅब झाली, सुरेख झाली. बाटल्यांमध्ये केळीचे कोंब फुटलेले मी स्वतः पाहिलेत, एका बाटलीत दोनाचे पाच झालेले पाहून तिसऱ्या वर्षाच्या मुली कशा एकमेकींना बोलवत होत्या ते अजून आठवतं. आता टिश्यू कल्चरच्या खोलीला पंचवीस डिग्रीच्या आसपास तापमान लागतं, एखाद-दोन डिग्री इकडे तिकडे, आणि दिवसाला सोळा तास लाइट. रोज. रविवारी पण, सुट्टीत पण. २०२३ च्या मे महिन्यात बाहेर ऊन नेहमीसारखं भाजून काढत होतं, कॉलेजला सुट्टी, आणि वीजबिलाच्या हेडमध्ये तेवढी तरतूदच नव्हती म्हणून ऑफिसमधून सांगण्यात आलं की परीक्षेचा विभाग सोडून बाकी एसी बंद ठेवा. जूनमध्ये खोली उघडली तेव्हा बाटल्यांत पांढरी कापसासारखी बुरशी, काहींत काळी, आणि कोंब पिवळे पडून विरघळलेले. मॅडमनी (बॉटनीच्या) एकेक बाटली ऑटोक्लेव्ह करून फेकायला लावली. त्यातल्या पुष्कळ बाटल्या पोरींनी स्वतःच्या हाताने लेबल लावलेल्या होत्या.

त्यानंतर मी बसून हिशोब केला, जो दीड वर्ष आधी करायला हवा होता. दोन एसी आलटून पालटून म्हणजे कायम एक चालू, आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याचे दिवसाला साधारण ३० युनिट धरा, ट्युबांचे १३, म्हणजे ४३. महिन्याला १२९० युनिट. कॉलेजच्या बिलात सगळे आकार धरून युनिट ११ रुपयांच्या घरात पडत होतं, म्हणजे महिन्याला १४ हजार, वर्षाला पावणेदोन लाखांच्या आत-बाहेर. फक्त वीज. आणि बॉटनीचं वर्षाचं दुरुस्ती-देखभालीचं हेड किती, तर २५ हजार. हा आकडा काढायला मला अर्धा तास लागला आणि त्यासाठी बॉटनी यायला लागत नाही. मंजुरीच्या दिवशी कोणीतरी एवढंच विचारायला पाहिजे होतं की हे सामान आल्यावर दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी काय लागेल आणि ते कोणत्या हेडमधून जाईल. त्या टेबलावर मी बसलो होतो, मी विचारलं नाही.

तर फेब्रुवारी २०२४ ला केमिस्ट्रीचा प्रस्ताव आला तेव्हा मी आठ दिवस आधी फाइल मागवून घेतली. बैठकीत पहिल्यांदा कागद बघितला तर तुम्ही फक्त बेरीज बघू शकता, याच्यापुढे काही होत नाही. संस्थेने नेमलेले सदस्य म्हणजे आमचे आप्पा, पतसंस्थेत आयुष्यभर हिशोब केलेले, रिटायर झालेत, त्यांच्याकडे फाइल घेऊन गेलो. ते म्हणाले, सर, आधी वरची रक्कम झाका आणि आकडा कशातून आला ते शोधा.

प्रस्ताव असा होता: केमिकल्स आणि ग्लासवेअर ६ लाख ५० हजार, एचपीएलसी मशीन, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून कोणता किती ते मोजणारं यंत्र, १४ लाख ५० हजार, दुरुस्ती ६० हजार, इंडस्ट्रियल व्हिजिट वगैरे ९० हजार. एकूण साडेबावीस लाख. माझं लक्ष अर्थातच साडेचौदा लाखांकडे गेलं, आप्पांचं गेलं साडेसहाकडे. ते म्हणाले मशीनबद्दल सगळेच विचारतील, हा आकडा दरवर्षी येतो म्हणून याला कोणी विचारत नाही.

चालू वर्षाचं केमिकलचं बजेट होतं ५ लाख ९० हजार. त्याच्यात दहा टक्के मिळवा, ६ लाख ४९ हजार. झाला की साडेसहा. म्हणजे आकडा पोरांवरून नाही, प्रॅक्टिकलवरून नाही, मागच्या आकड्यावरून आलेला. आणि मागचा आकडा त्याच्या मागच्यावरून. आमच्या फॉर्मवर चार रकाने असतात, मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची तरतूद, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाची मागणी. बहुतेक जण दुसरा आणि चौथा रकाना शेजारी ठेवून बघतात. खरं तर पहिला बघायचा, आणि पहिल्याचीही महिनेवार फोड मागायची.

आम्ही अकाउंट सेक्शनकडून फोड मागवली. २०२२-२३ मध्ये केमिकलवर प्रत्यक्ष खर्च ५ लाख ७२ हजार. वरवर पाहिलं तर बजेटच्या जवळपास, एकदम शिस्तीत. पण त्यातले ३ लाख ४० हजार एकट्या मार्चमधले. निम्म्याहून जास्त. आणि चालू वर्षात डिसेंबरअखेर झाले होते फक्त २ लाख १० हजार, म्हणजे उरलेले ३ लाख ८० हजार पण मार्चचीच वाट बघत होते. मार्चमध्ये प्रॅक्टिकल संपत आलेली असतात हो, त्या महिन्यात एवढं केमिकल लागणार कुणाला.

मग आप्पांनी दुसरा प्रश्न सांगितला, जो मला आजपर्यंत सगळ्यात कामाचा वाटतो. किती खर्च झाले हे विचारू नका, किती संपलं ते विचारा. खर्च आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षाच्या सुरुवातीचा साठा, त्यात वर्षभराची खरेदी मिळवायची, वर्षअखेरचा साठा वजा करायचा, जे उरतं तो वापर. दुकानदार हे रोज करतो, आम्ही प्राध्यापक लोक करत नाही.

पण साठा किती हे कोणाला माहीत? टेबल-खुर्च्या-उपकरणांचं डेडस्टॉक रजिस्टर तपासलं जातं, केमिकलचं कंझ्युमेबल रजिस्टर असतं पण त्यात आवक लिहिलेली आणि जावक अंदाजे. म्हणून मी केमिस्ट्रीच्या एचओडी मॅडमना भेटलो आणि सरळ म्हटलं की मॅडम, मला तुमची स्टोअररूम बघायचीय, तुमच्यावर शंका म्हणून नाही, बॉटनीचं झालं ते पुन्हा व्हायला नको म्हणून. त्यांना आवडलं नाही, स्वाभाविक आहे, वीस वर्षं त्या लॅब सांभाळतायत. पण चावी दिली, आणि सोबत नाना दिले. नाना म्हणजे लॅब अटेंडंट, माझ्यापेक्षा दोन वर्षं सीनियर.

दोन दिवस आम्ही दोघांनी बाटल्या मोजल्या. पत्र्याचं छत, पश्चिमेची भिंत, फेब्रुवारीतच दुपारी गरम. खालच्या फळीवर डायइथिल इथरच्या बाटल्या होत्या, पाचशे मिलीच्या, सील न फोडलेल्या, बिल मागच्या मार्चचं. मी एक उचलली तर हलकी लागली. उजेडात धरली तर निम्म्याच्याही खाली. मी विचारलं नाना, ही वापरलीय का? नाना म्हणाले, "नई सर, मे म्हैनामा ती आपोआप आर्धी व्हई जास." इथर साडेचौतीस-पस्तीस डिग्रीलाच उकळतं. आमच्याकडे मे महिन्यात सावलीत बेचाळीस-त्रेचाळीस असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. मार्चमध्ये इथर घ्यायचं म्हणजे दोन महिने ते उकळत ठेवायचं आणि जूनमध्ये जे उरेल त्यावर प्रॅक्टिकल करायची, आणि पैसे उडून गेले हे सोडा, ती वाफ पेट घेणारी, आणि इथर उघड्या हवेशी संपर्कात जुनं झालं की त्यात पेरॉक्साइड तयार होतात, ते स्फोटक. मॅडमना हे सगळं माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं माहीत होतं. तरी खरेदी मार्चमध्येच होत होती. का, ते पुढे सांगतो.

मोजणीचा हिशोब असा निघाला. १ एप्रिल २०२२ चा साठा जुन्या रजिस्टरवरून १ लाख ८० हजारांचा, त्यात खरेदी ५ लाख ७२ हजार, आणि ३१ मार्च २०२३ चा साठा बिलं आणि बाटल्या जुळवून ३ लाख ६० हजारांचा. म्हणजे वापर ३ लाख ९२ हजार. वर्षाला चार लाखही संपत नव्हते आणि मागणी साडेसहाची.

इथे एक चूक होऊ शकते, मी जवळजवळ केली होती. हा आकडा घेऊन लगेच बैठकीत जायचं आणि म्हणायचं बघा, अडीच लाख जास्त मागितले. पण वापराचा आकडा दुसऱ्या बाजूने पण बसला पाहिजे, पोरांच्या बाजूने. म्हणून मॅडमबरोबर बसून एक प्रॅक्टिकल पूर्ण उलगडलं, सगळी नाही, एकच महागडं. सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन. पहिल्या वर्षाला २४० पोरं. प्रत्येकाला पायलट, तीन रीडिंग, ब्युरेट धुणं धरून ५० मिली द्रावण, म्हणजे १२ लिटर. ०.१ नॉर्मल करायचं तर लिटरला १७ ग्रॅम, म्हणजे २०४ ग्रॅम, २५ ग्रॅमच्या ८ बाटल्या पुऱ्या आणि नववी फोडावी लागेल. कोटेशनला बाटली साडेतीन हजारांच्या आसपास. प्रस्तावात मागणी होती २० बाटल्यांची आणि कपाटात ११ पडून होत्या, त्यातल्या दोन उजेडाने काळ्या पडलेल्या.

मी फक्त एवढं विचारलं की मॅडम, हे ०.१ च का? कारण मला खरंच माहीत नव्हतं. त्या थोडा वेळ वहीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, सिलॅबसच्या जुन्या पुस्तिकेत तसं होतं म्हणून चालत आलंय, पण बोअरच्या पाण्यातलं क्लोराइड काढायचं असेल तर ०.०२ पुरतं, उलट तेच बरोबर. ०.०२ म्हणजे लिटरला ३.४ ग्रॅम, १२ लिटरला ४१ ग्रॅम, दोन बाटल्यांत काम. नऊ बाटल्यांचं काम दोनमध्ये. आणि पोरं आपापल्या गावचं बोअरचं पाणी आणतील ते वेगळंच, ही आयडिया पण त्यांचीच. बजेटचा प्रश्न नीट विचारला तर उत्तर डिपार्टमेंटकडूनच येतं हे मी त्या दिवशी बघितलं, पण त्यासाठी समोरच्याला तुम्ही कापायला आलेला नाहीत हे पटावं लागतं.

आणि म्हणूनच त्यांनी मग मार्चचं कारण सांगितलं. स्पष्ट सांगितलं. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांनी खरंच वाचवले होते, एक लाख परत गेले होते. पुढच्या वर्षी समितीने त्यांची तरतूद एक लाखाने कमी केली, कारण "तुम्हाला लागत नाहीत". नेमकं त्याच वर्षी नवी तुकडी आली आणि दोन महिने पोरांनी तिघांत एक ब्युरेट वापरली. तेव्हापासून मार्चमध्ये सगळे पैसे संपवायचे असं ठरलं. आता यात त्यांची चूक आहे का? मला तरी ती समितीची चूक वाटते. आपण ज्याला वाचवल्याबद्दल शिक्षा केली त्याने पुन्हा का वाचवावं? तर डिपार्टमेंटला विचारायच्या प्रश्नांच्या आधी समितीने स्वतःला एक विचारावा, की गेल्या वेळी ज्यांनी पैसे परत केले त्यांचं आपण काय केलं.

बैठकीच्या आधी आम्ही तिघांनी, म्हणजे मॅडम, आप्पा आणि मी, मागणी नव्याने मांडली. वापर ३ लाख ९२ हजार, त्यावर भाववाढ आणि थोडी पोरं वाढतील म्हणून ४ लाख ३५ हजार. जूनला हातात तीन-साडेतीन महिन्यांचा साठा हवाच, तो १ लाख २० हजार. एकूण गरज ५ लाख ५५ हजार. आता यातून मार्चअखेर शिल्लक राहणारा साठा वजा करायचा. मार्चची घाई केली नाही आणि तीन महिन्यांत गरजेपुरतं ६० हजारांचंच घेतलं तर शिल्लक २ लाख ३८ हजारांची राहणार होती, त्यातलं ४० हजारांचं उडालेलं, काळवंडलेलं, गोठून दगड झालेलं म्हणून बाद, राहिले १ लाख ९८ हजार. वजा करून आले ३ लाख ५७ हजार. थोडी मोकळीक ठेवून ३ लाख ८० हजार.

साडेसहाचे तीन ऐंशी झाले. पण यात एक मेख आहे आणि ती सभेत मी स्वतः उठून सांगितली, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी तीन ऐंशीवर दहा टक्के लावलं असतं. ही बचत पूर्ण टिकणारी नाही. जवळजवळ ८० हजार तर फक्त जुना साठा खाल्ल्यामुळे वाचतायत, तो साठा एकदाच खाता येतो. पुढच्या वर्षी गरज पुन्हा साडेचार लाखांच्या आसपास जाणार. म्हणून ठरावात लिहून घेतलं की पुढच्या वर्षीची तरतूद खर्चावरून नाही, मोजलेल्या वापरावरून ठरेल, आणि शिल्लक राहिली म्हणून कपात होणार नाही. आणि ज्वालाग्राही सॉल्व्हंटची खरेदी जून-जुलैनंतरच, गरजेपुरती, हप्त्याहप्त्याने. हे शेवटचं वाक्य नानांमुळे आलं.

आता मशीन. एचपीएलसी. याच्यात मला भीती बॉटनीची होती, पण मॅडमची बाजू पण खोटी नव्हती. आमची एमएस्सीची पोरं नोकरीला कुठे जातात, तर अंकलेश्वर, वापी, सुरतकडे. तिथल्या औषध कंपन्यांच्या क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न असतो, एचपीएलसी चालवलंय का? आमची पोरं पुस्तकातलं चित्र सांगतात आणि परत येतात.

तर प्रश्न विचारले. वॉरंटी किती? एक वर्ष. नंतर? नंतर सीएमसी, म्हणजे पार्टसह देखभालीचा करार, पहिल्या कोटेशनला किमतीच्या आठ टक्के, म्हणजे १ लाख १६ हजार आणि त्यावर जीएसटी, १ लाख ३७ हजार. कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी मशीनमधली नळी, वर्षाला एक तरी, ४० हजार. एचपीएलसी ग्रेडचं मिथेनॉल, ॲसिटोनायट्राइल ५५ हजार, साधं सॉल्व्हंट टाकलं तर कॉलम चोंदतो. वायल, फिल्टर, स्टँडर्ड २५ हजार. एसी, यूपीएसच्या बॅटऱ्या २५ हजार. दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी २ लाख ८२ हजार. प्रस्तावात यासाठी काय होतं? दुरुस्ती, ६० हजार, तेही सगळ्या लॅबसाठी.

मॅडम म्हणाल्या हे एमएस्सीच्या फीतून निघेल, कोर्स विनाअनुदानित आहे. मग पुढचा प्रश्न, फी किती मुलांची धरली? दोन वर्षांच्या मिळून ४८ जागा, वर्षाला ३० हजार, १४ लाख ४० हजार. जागा ४८ आहेत, पण मुलं? पहिल्या वर्षाला १७, दुसऱ्याला १५. बत्तीस. म्हणजे ९ लाख ६० हजार. आणि त्यातल्या बऱ्याच मुलांची फी शिष्यवृत्तीतून येते, ती त्याच वर्षात हातात पडेलच असं नाही, कधी पुढच्या वर्षी येते, हिशोबात येणे दिसते पण बँकेत नसते. उत्पन्नाच्या बाजूला मंजूर जागांनी गुणलेला आकडा दिसला की हा प्रश्न विचारायचाच. खर्चाच्या आकड्यांवर आपण तासभर भांडतो आणि उत्पन्नाची ओळ न वाचता पुढे जातो.

बाहेरच्या लॅबमध्ये सॅम्पलमागे ६०० रुपये भरून करून आणलं तर? ३२ मुलं, प्रत्येकी ६ सॅम्पल, १ लाख १५ हजार. निम्म्याहून कमी. संस्थेच्या लोकांना हे पटलं होतं. पण तसं केलं तर पोराच्या हातात प्रिंटआउट येते, मशीन येत नाही, आणि इंटरव्ह्यूत विचारतात ते मशीनबद्दल. मी मशीनच्या बाजूने बोललो. आकडे मांडायचे ते निर्णय काय किमतीला घेतोय हे कळायला, स्वस्त तेच घ्यायला नाही, असं मला वाटतं.

मात्र एक बदल केला. दोन पुरवठादारांकडून मशीनची किंमत आणि पुढच्या चार वर्षांची सीएमसी अशी एकत्र कोटेशनं मागवली, खरेदीच्या आधी, कारण मशीन आल्यावर सीएमसीचा भाव तेच ठरवतात. पहिला, साडेचौदा लाख आणि वर्षाला १ लाख ३७ हजार, पाच वर्षांचे जवळजवळ २० लाख. दुसरा, १५ लाख ६० हजार, पण सीएमसी सगळं धरून ९० हजार, पाच वर्षांचे १९ लाख २० हजार. नुसती खरेदीची किंमत बघितली असती तर पहिला घेतला असता. दुसरा घेतला, चालू खर्च वर्षाला २ लाख ३५ हजारांवर आला आणि त्याचं वेगळं हेड उघडलं, जे दुसऱ्या कुठल्या कामाला वळवता येणार नाही.

शेवटी मॅडमना एवढंच विचारलं की समजा मंजूर रकमेत वीस टक्के कमी पडले तर पहिल्यांदा काय थांबवाल? त्यांनी न थांबता सांगितलं, व्हिजिट. मग दुरुस्तीतली रंगरंगोटी. केमिकल सगळ्यात शेवटी. ज्यांना हे लगेच सांगता येतं त्यांनी आपला प्रस्ताव स्वतः लिहिलेला असतो.

मशीन ऑगस्टमध्ये आलं. बॉटनीच्या ग्रोथ रूमचं वीजबिल पण त्याच सभेत वेगळ्या हेडखाली घेतलं, बॉटनीच्या मॅडमनी नवीन कंद आणून पुन्हा सुरुवात केलीय, मे महिन्यात एक एसी चालू राहील याची लेखी ऑर्डर ऑफिसमध्ये लागली आहे. एचपीएलसीशेजारी एक लॉगबुक ठेवलंय, कोणी किती तास वापरलं, कोणता कॉलम, किती सॅम्पल. पुढच्या बैठकीला केमिस्ट्रीच्या प्रस्तावासोबत ते लॉगबुक आणि नानांची मोजणीची वही, दोन्ही मागवलंय.